पत्रिकेतला 'वर्ण' आणि आपली जात: वर्णकूटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये पत्रिका पाहते. गुणमेलनासाठी येणाऱ्या घरांत नाडी आणि मंगळाची भीती सगळ्यांनाच असते. पण मान खाली घालून, आवाज बारीक करून विचारला जाणारा प्रश्न बहुतेक वेळा वर्णाचा असतो. छत्तीसपैकी एका गुणाची ही बाब, तरी एवढी बोचते, कारण तिथे लिहिलेले शब्द आपल्या समाजाच्या जखमेचेच आहेत. म्हणून या एका गुणाच्या कसोटीबद्दल, म्हणजे वर्णकूटाबद्दल, नीट, सविस्तर लिहायचं ठरवलं.

मुलीच्या पत्रिकेत 'वर्ण: शूद्र' असं छापलंय. आमच्या जातीशी त्याचा काय संबंध?

काहीही संबंध नाही. पत्रिकेतला वर्ण तुमच्या आडनावावरून, कुळावरून किंवा जातीच्या दाखल्यावरून काढलेला नसतो. जन्माच्या क्षणी चंद्र ज्या राशीत होता, त्या राशीला परंपरेने जो वर्ण दिला आहे तो तिथे छापला जातो. चंद्र मिथुन, तूळ किंवा कुंभ राशीत असेल तर 'शूद्र'. पंचवटीतल्या उपाध्यायांच्या घरी जन्मलेल्या मुलाची रास कुंभ असेल तर त्याच्या पत्रिकेतही हेच येईल. त्याच वेळी सातपूरला एखाद्या कामगाराच्या घरी, निफाडला द्राक्षबागाईतदाराच्या घरी जन्मलेल्या बाळांच्या पत्रिकांतही तेच येईल. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो आणि त्या सव्वादोन दिवसांत जगभर जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा 'वर्ण' एकच असतो.

सख्ख्या भावंडांचे वर्ण वेगळे निघतात ते यामुळेच. एका घरात थोरली विप्र, मधला शूद्र आणि धाकटी क्षत्रिय, असं सर्रास दिसतं. जात जन्माने आईबापांकडून येते असं मानतात, हा वर्ण मात्र आईबापांकडून येतच नाही.

तरीही शब्द वाचून वाईट वाटतं, हे मी समजू शकते. हे असं गाव आहे जिथे २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि तरीही तेव्हा ते दार उघडलं नाही. ज्यांच्या घरात त्या लढ्याची आठवण जिवंत आहे, त्यांच्या हातात 'शूद्र' असं छापलेला कागद देऊन 'अहो, हा फक्त शास्त्रातला शब्द आहे' म्हणणं मला पटत नाही. मी स्वतः लिहून देते त्या टिपणात वर्णाच्या रकान्याऐवजी राशीचं तत्त्व लिहिते. ते का चालतं, ते पुढे येईल.

वर्ण काढतात कसा? घरी पडताळून पाहता येईल का?

अगदी सहज. राशींचा क्रम मेष, वृषभ, मिथुन, कर्क असा लिहा आणि त्यांच्यापुढे क्षत्रिय, वैश्य, शूद्र, विप्र असं लिहा. पुढच्या चार राशींना तोच क्रम, शेवटच्या चार राशींनाही तोच. झालं. मेष, सिंह, धनू क्षत्रिय. वृषभ, कन्या, मकर वैश्य. मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. कर्क, वृश्चिक, मीन विप्र.

मराठी पंचांगांत अवकहडा चक्र नावाचं कोष्टक असतं. त्यात नक्षत्र आणि चरण शोधलं की रास, वर्ण, वश्य, योनी, गण, नाडी एका ओळीत मिळतात. पत्रिकेच्या पहिल्या पानावरची माहिती तिथूनच उचललेली असते.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या वाटपात कुठल्या राशीचा स्वभाव पाहून तिला वर्ण दिलाय असं नाही. एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक, दोन, तीन, चार असा हा फेरा आहे. मुहूर्तचिंतामणी या ग्रंथातल्या श्लोकात तर फक्त मीन, वृश्चिक आणि कर्क या तीन राशींची नावं येतात. त्या द्विज, आणि त्यांच्यानंतर ओळीने येणाऱ्या राशी क्षत्रिय, वैश्य, शूद्र, एवढंच सांगून श्लोक मोकळा होतो.

मग गुण कधी मिळतो आणि कधी जातो?

नियम एका वाक्याचा आहे. मुलाचा वर्ण मुलीच्या वर्णाइतका किंवा त्याच्या वरचा असेल तर एक गुण, मुलीचा वर्ण मुलाच्या वर असेल तर शून्य. अर्धा गुण वगैरे प्रकार इथे नाही. उतरंड विप्र, क्षत्रिय, वैश्य, शूद्र अशीच धरतात.

राम दैवज्ञांनी शके १५२२ मध्ये, म्हणजे इसवी सन १६०० मध्ये, काशीत मुहूर्तचिंतामणी लिहिला. आपल्याकडचं छत्तीस गुणांचं मेलन बरंचसं याच ग्रंथाच्या वळणाने चालतं. त्यातलं वाक्य स्पष्ट आहे: वराच्या वर्णाहून अधिक वर्णाची वधू जाणते लोक चांगली मानत नाहीत. वर्णाला आठ कूटांत सर्वांत कमी वजन आहे. वश्याला दोन, तारेला तीन, योनीला चार, ग्रहमैत्रीला पाच, गणाला सहा, राशिकूटाला सात आणि नाडीला आठ. चढत्या क्रमाची ही पहिली पायरी.

हा गुण नेमकं काय मोजतो असा दावा आहे?

इथे जुनं म्हणणं आणि आजचं म्हणणं वेगळं आहे, आणि दोन्ही सरमिसळ करून सांगितली जातात. म्हणून ती आधी वेगळी करू.

जुनं म्हणणं सरळ होतं. स्मृतिग्रंथांत अनुलोम आणि प्रतिलोम विवाह येतात. वरच्या वर्णाचा पुरुष आणि खालच्या वर्णाची स्त्री म्हणजे अनुलोम, तो चालवून घेतला. उलटा असेल तर प्रतिलोम, तो निंद्य ठरवला. वर्णकूटाचा नियम शब्दशः तोच आहे, फक्त माणसांच्या जागी राशी आल्या. बायको नवऱ्यापेक्षा 'वरची' असू नये, म्हणजे घरात नवऱ्याचा मान राहतो, ही त्यामागची समजूत.

आजचं म्हणणं असं की वर्णकूट दोघांच्या वृत्तीचा, अहंकाराचा, कामाकडे पाहण्याच्या दृष्टीचा किंवा आत्मिक पातळीचा मेळ मोजतं. 'आत्मिक विकासाची पातळी' हा अर्थ विसाव्या शतकात इंग्रजीतून लिहिलेल्या ज्योतिषाच्या पुस्तकांमुळे खूप पसरला आणि तिथून आजच्या ॲपमध्ये आला. त्यामुळे मोबाइलवर गुण काढलेत तर वर्णापुढे कामाची वृत्ती किंवा अहंकार असा काहीतरी मजकूर दिसतो.

माझ्या मते या नव्या अर्थाची तपासणी करायची साधी रीत आहे. स्वभावाचा मेळ ही दोघांमधली गोष्ट असते. माझं तुमच्याशी पटत असेल तर तुमचंही माझ्याशी पटतं. म्हणजे खरोखर स्वभाव मोजला जात असेल, तर मुलगा-मुलगी यांच्या राशींची अदलाबदल केली तरी गुण तोच यायला हवा. वर्णकूटात तो येत नाही. ते खालच्या उदाहरणात पाहू.

एक पूर्ण उदाहरण करून दाखवाल का?

मुलगी पुनर्वसू नक्षत्राच्या चौथ्या चरणावर जन्मलेली, म्हणजे रास कर्क. मुलगा स्वाती नक्षत्राचा, रास तूळ. दोघं नाशिकरोडची, शिकलेली, एकमेकांना पसंत.

वर्ण पाहू. कर्क म्हणजे विप्र, तूळ म्हणजे शूद्र. मुलगी तीन पायऱ्या वर, म्हणून गुण शून्य. पत्रिका पाहणाऱ्याने 'वर्णदोष आहे' असं म्हटलं की घरात शांतता पसरते. पण पुढे मोजत जाऊ.

तारा: पुनर्वसूपासून स्वातीपर्यंत मोजलं तर नऊ येतात, स्वातीपासून पुनर्वसूपर्यंत वीस, म्हणजे नवाने भागून बाकी दोन. दोन्ही शुभ, तीनपैकी तीन. ग्रहमैत्री: चंद्र शुक्राला सम मानतो, शुक्र चंद्राला शत्रू, म्हणून पाचपैकी अर्धा. गण: दोघांचा देवगण, सहापैकी सहा. राशिकूट: कर्केपासून तूळ चौथी आणि तुळेपासून कर्क दहावी, सातपैकी सात. नाडी: पुनर्वसूची आद्य, स्वातीची अंत्य, वेगळ्या आहेत, म्हणून आठपैकी आठ. वश्य आणि योनीचे गुण वेगवेगळ्या कोष्टकांत थोडे बदलतात, ते सध्या धरतच नाही. तरीही बेरीज साडेचोवीस होते. लग्नाला अठरा गुण पुरेसे मानतात.

आता यातच राशींची अदलाबदल करा. मुलगा पुनर्वसूच्या चौथ्या चरणाचा, मुलगी स्वातीची. तारेचे तीनच, ग्रहमैत्रीचा अर्धाच, गणाचे सहाच, राशिकूटाचे सातच, नाडीचे आठच. या पाचांत तसूभरही फरक नाही. फक्त वर्णाच्या शून्याचा एक झाला आणि साडेपंचवीस मिळाले. तेच दोन चंद्र, त्याच दोन राशी, त्याच दोन वृत्ती. बदललं फक्त एवढं, की 'वरचा' वर्ण आता मुलाकडे आहे.

म्हणून कोणी कितीही गोड शब्दांत सांगितलं की वर्णकूट स्वभाव मोजतं, तरी गणित तसं सांगत नाही. ते मोजतं ते वर कोण आणि खाली कोण.

पण बहुतेक पत्रिकांत वर्णाचा एक गुण मिळालेलाच दिसतो. मग एवढा विचार कशाला?

चार वर्ण मुलाचे, चार मुलीचे, अशा सोळा जोड्या होतात. त्यातल्या चार समान वर्णाच्या, सहा मुलगा वरचा असलेल्या आणि सहा मुलगी वरची असलेल्या. म्हणजे सोळांपैकी दहांत गुण मिळतो, सहांत जातो. बहुतेकांना तो मिळतो हे खरं. पण ज्यांना मिळत नाही त्या सगळ्या जोड्यांत 'खोट' मुलीच्या वरचढपणाचीच असते, आणि ते ऐकावंही बहुधा मुलीच्या बाजूलाच लागतं. एखाद्या बघण्याच्या कार्यक्रमात 'मुलीचा वर्ण मुलापेक्षा वरचा आहे, ती डोईजड होईल' असं बोललं गेल्याचं मी अनेक आयांकडून ऐकलंय. मुलीने चहापोह्यांच्या वेळी दोन प्रश्न विचारले की या वाक्याला आणखी जोर येतो. एका गुणाने स्थळ मोडत नाही, असं वाक्य मोडू शकतं.

वर्णदोषाला परिहार आहे का?

आहे, आणि तो फार बोलका आहे. परंपरेतच असं सांगितलंय की मुलाची रास खालच्या वर्णाची असली, पण त्या राशीचा स्वामी ग्रह वरच्या वर्णाचा असेल, तर ग्रहाचा वर्ण धरावा, राशीचा विचार करू नये.

ग्रहांनाही वर्ण दिलेले आहेत. वराहमिहिराच्या बृहज्जातकात गुरू आणि शुक्र विप्र, रवी आणि मंगळ क्षत्रिय, चंद्र वैश्य, बुध शूद्र आणि शनी त्याही बाहेरचा, अशी वाटणी आहे. आता आपल्या उदाहरणातला मुलगा पाहा. त्याची तूळ रास शूद्र, पण तुळेचा स्वामी शुक्र विप्र. परिहार लागू झाला, दोष गेला. काही गुरुजी अशा वेळी एक गुण देऊन टाकतात, काही शून्यच ठेवून 'दोष नाही' एवढं लिहितात.

आणि मुलीची रास? कर्क विप्र, पण कर्केचा स्वामी चंद्र, तो वैश्य. म्हणजे राशी धरल्या तर मुलगी मुलाच्या तीन पायऱ्या वर, आणि राशिस्वामी धरले तर मुलगा मुलीच्या दोन पायऱ्या वर. एकाच शास्त्राच्या दोन कोष्टकांतून दोन उलट उत्तरं निघतात. ज्याला वर्णकूट हा माणसाचा जन्मजात दर्जा वाटतो, त्याने या ठिकाणी थोडं थांबावं.

परिहार सगळ्यांना मिळत नाही. मुलाची रास वृषभ, तूळ किंवा धनू असेल तरच राशिस्वामी राशीपेक्षा वरचा निघतो. मिथुन, कन्या, मकर, कुंभ या राशींचे स्वामी बुध आणि शनी, त्यांच्यासाठी ही वाट बंद आहे.

जात बाजूला ठेवून वर्णकूट वाचण्याच्या आधुनिक पद्धती कोणत्या? त्यातली कोणती टिकते?

तीन वाचनं सध्या चालतात.

पहिलं तत्त्वांचं. राशींची अग्नी, पृथ्वी, वायू, जल अशी विभागणी तुम्हाला माहीत असेल. ती वर्णांशी तंतोतंत जुळते: अग्निराशी क्षत्रिय, पृथ्वीराशी वैश्य, वायुराशी शूद्र, जलराशी विप्र. एकही रास इकडची तिकडे होत नाही. त्यामुळे टिपणात 'शूद्र' ऐवजी 'वायुतत्त्व' लिहिलं तर गणिताची कुठलीही माहिती हरवत नाही आणि कोणाचा अपमानही होत नाही. पण इथेच एक गोम आहे. नुसता शब्द बदलून नियम तोच ठेवला, तर 'जल मुलगी आणि अग्नी मुलगा असेल तर शून्य, जल मुलगा आणि अग्नी मुलगी असेल तर एक' असं काहीतरी सांगावं लागतं. तत्त्वांच्या भाषेत याला कसलंच कारण देता येत नाही. पाणी आणि अग्नी यांचं जे काही नातं आहे ते दोन्ही बाजूंनी सारखंच. म्हणून तत्त्व धरायचं तर उतरंड सोडायलाच हवी, आणि उतरंड सोडली की गुण देण्याचा जुना नियम उरत नाही.

दुसरं वाचन गुणकर्माचं. गीतेच्या चौथ्या अध्यायातला 'चातुर्वर्ण्यं मया सृष्टं गुणकर्मविभागशः' हा श्लोक त्यासाठी पुढे करतात. विप्र म्हणजे अभ्यासू, क्षत्रिय म्हणजे धडाडीचा, वैश्य म्हणजे व्यवहारी, शूद्र म्हणजे सेवाभावी. हे सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, मी त्यांना दोष देत नाही. पण गुण आणि कर्म माणूस पुढे काय शिकतो, काय करतो यातून दिसतात. चंद्राची रास तर पहिला श्वास घेतानाच ठरलेली असते. जन्मानेच ठरणाऱ्या गोष्टीला गुणकर्म म्हणायचं, म्हणजे ज्या विचाराला विरोध करायचा तोच मागच्या दाराने आत घ्यायचा. शिवाय सेवाभाव हा चौथ्या पायरीवर आणि अभ्यास पहिल्या पायरीवर, ही मांडणीही तशीच राहते. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करणारी परिचारिका आणि कॉलेज रोडवर शिकवणी घेणारा मास्तर, यांच्यात कोण खालचं हे कुठल्या मोजपट्टीने ठरवणार?

तिसरं वाचन आत्मिक पातळीचं किंवा अहंकाराचं. माझ्या दृष्टीने हे सर्वांत अडचणीचं. सव्वादोन दिवसांत जन्मलेल्या सगळ्यांची आत्मिक पातळी एक, हे कोणालाच पटण्यासारखं नाही. आणि बायकोची पातळी नवऱ्यापेक्षा वर असली की संसाराला धोका, हे तर ज्या मातीत मुक्ताबाई आणि बहिणाबाई झाल्या तिथे बोलवत नाही.

मी काय करते ते सांगते. वर्णकूटाची राशी-तत्त्वं मी टिपणात लिहिते, कारण ती चंद्रराशीची माहिती आहे आणि काही लोकांना ती वाचायला आवडते. त्यावर गुण देत नाही. मेलन पस्तीस गुणांचं करते आणि तसं स्पष्ट लिहिते. जात सोडली, पण बायकोने खाली असावं ही अपेक्षा ठेवली, तर वर्णकूट अर्धंच सुधारलं असं होतं.

वर्ण काढून टाकला तर मेलन अशास्त्रीय होत नाही का?

दक्षिणेत, विशेषतः तमिळ घरांत, दहा पोरुत्तम, म्हणजे जुळणीच्या दहा कसोट्या, पाहतात. त्या दहांच्या प्रचलित यादीत गण, योनी, राशी, राशिस्वामी, वश्य, रज्जू, वेध वगैरे आहेत, वर्ण नाही. तिथली लग्नं वर्णाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या जुळवली गेली आहेत. वर्णाशिवायचं मेलन हा कोणाचा आजचा शोध नाही.

आंतरजातीय लग्न ठरतंय. पत्रिका दाखवली तर वर्णकूट आडवं येईल का?

जातीमुळे येणार नाही, कारण जात या गणितात शिरतच नाही. दोघांच्या जाती वेगळ्या असून वर्ण समान निघू शकतात आणि एकाच पोटजातीतल्या दोघांचा वर्णाचा गुण शून्य येऊ शकतो. काही घरांत मात्र वर्णाच्या शून्याचा आधार घेऊन 'बघा, शास्त्रही नको म्हणतंय' असं सांगितलं जातं. ते बोलणाऱ्याचं मत असतं, शास्त्राचं नसतं. अशा वेळी शांतपणे दोघांच्या राशी विचाराव्या आणि कोष्टक समोर ठेवावं.

कायद्याचं म्हणाल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये ना जात आहे ना गुणमेलन. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी पद्धतीने लग्न करतानाही पत्रिका कोणी मागत नाही.

जन्मवेळ नक्की माहीत नाही. वर्ण चुकू शकतो का?

चुकू शकतो, आणि नऊ नक्षत्रांच्या बाबतीत जास्त जपावं लागतं. कृत्तिका, मृग, पुनर्वसू, उत्तरा, चित्रा, विशाखा, उत्तराषाढा, धनिष्ठा आणि पूर्वाभाद्रपदा ही नक्षत्रं दोन राशींत विभागलेली आहेत. चंद्राला एक चरण ओलांडायला साधारण सहा तास लागतात.

वरच्याच उदाहरणातली मुलगी पुनर्वसूच्या चौथ्याऐवजी तिसऱ्या चरणाची निघाली, तर रास मिथुन होते आणि विप्राची एकदम शूद्र. वर्णाचा एक गुण मिळतो, कारण आता दोघं समान. ग्रहमैत्री अर्ध्यावरून पाचावर जाते, कारण बुध आणि शुक्र मित्र. पण मिथुन आणि तूळ एकमेकींपासून पाचव्या-नवव्या, म्हणजे त्यांचं नवपंचम होतं आणि नेहमीच्या कोष्टकात राशिकूटाचे सातही गुण जातात. साडेचोवीसचे तेवीस झाले. 'सकाळी झाली, पण किती वाजता ते आठवत नाही' असं आजी सांगत असेल तर हा फरक प्रत्यक्षात पडू शकतो. कसा ओळखायचा? वेळेत दोन-तीन तास मागेपुढे करून पत्रिका पुन्हा काढा. रास बदलत असेल तर त्या पत्रिकेवरून वर्णच काय, कुठलंच कूट ठामपणे बोलू नये. दवाखान्याच्या कागदांवर वेळ मिळते का ते आधी पाहावं.

नावावरून रास धरली असेल तर गोष्ट आणखी सैल होते. 'रा' अक्षर चित्रा नक्षत्राच्या तूळ राशीतल्या चरणाचं, 'हे' अक्षर पुष्याचं, म्हणजे कर्केचं. राधिकाचं लग्नात नाव बदलून हेमा ठेवलं, तर नावराशीने तिचा वर्ण शूद्राचा विप्र झाला. माणूस तेच.

गुरुजींना किंवा पत्रिका पाहणाऱ्यांना काय विचारावं?

एवढंच विचारा: 'वर्ण सोडून किती गुण आले?' आणि 'शून्य आलं असेल तर राशिस्वामीचा परिहार पाहिलात का?' नाशिकमधले बरेच जाणते गुरुजी हे दोन प्रश्न मनावर घेतात आणि खुलासा करून सांगतात. जे चिडतात त्यांच्याशी वाद घालू नका, दुसऱ्याकडे पत्रिका न्या. आणि वर्णदोषासाठी कोणी शांती, जप किंवा खर्चाचं काही सुचवत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. एका गुणाच्या कूटासाठी त्र्यंबकेश्वरला जाऊन विधी करण्याची गरज नाही, दर्शनाला जरूर जा.

ॲपवर साडेसतरा गुण आले आणि वर्णाचा शून्य आहे. अठरा होत नाहीत म्हणून स्थळ सोडावं का?

वर्णामुळे अडत असेल तर अजिबात सोडू नका. वर्णाचा गुण धरला असता तर साडेअठरा झाले असते, म्हणजे हा निर्णय पूर्णपणे मुलीची रास मुलाच्या राशीच्या 'वर' असण्यावर उभा आहे. पस्तीसपैकी साडेसतरा म्हणजे बरोबर निम्मे, आणि छत्तीसपैकी अठरा म्हणजेही निम्मेच. ज्या निकषाने अठराची रेघ ओढली, त्याच निकषाने हे स्थळ रेघेवर आहे. मग पाहायचं ते बाकीचे गुण कुठे गेले हे. नाडीचे आठ किंवा राशिकूटाचे सात गेले असतील तर ज्यांचा या शास्त्रावर विश्वास आहे त्यांनी त्यांचे परिहार तपासावेत. नंतर मुलगा-मुलगी दोघांना गंगापूर धरणाकडे किंवा कुठेही निवांत जागी दोन-चार वेळा भेटू द्या. पगार कोण कसा वापरणार, आईवडील कोणाकडे राहणार, बदली झाली तर नोकरी कोण सोडणार, हे त्यांनी आपसात बोलून घ्यावं. वर्णकूटाच्या नावाखाली जे विचारायचं असतं ते खरं म्हणजे हेच असतं, आणि त्याचं उत्तर त्या दोघांकडेच आहे.